दिवाळीचा मिठाईचा भेटडबा: झाकण उघडल्यावर आधी काय दिसावं?

नवीपेठ_हलवाई

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या नवी पेठेत आमचं मिठाईचं दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. आजवर दिवाळीला साधे अर्धा किलो-एक किलोचे डबे जायचे. यंदा एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांनी आणि एका पतसंस्थेने मिळून 500 भेटडबे मागितलेत. त्यात काय काय द्यायचं ते आमच्यावर सोडलंय. आम्ही ठरवलं ते असं: काजूकतली पाव किलो, शेंगपोळ्या पाच, शेंगा चटणी 100 ग्रॅम, पातळ पोह्यांचा चिवडा 200 ग्रॅम, दोन पणत्या आणि एक शुभेच्छापत्र.

पुण्याहून एक नमुना करून आणला. काळा, चुंबकाच्या झाकणाचा, आत लाल सॅटिन, सगळ्या वस्तू एकाच थरात शेजारी-शेजारी. टेबलावर ठेवला तेव्हा डोळ्यांत भरला. तसे सहा डबे भरून नातेवाइकांना दिले आणि दोन दिवसांनी उघडायला सांगितलं. चार ठिकाणांहून एकच उत्तर: झाकण उघडल्याबरोबर लसणाचा वास, आणि कतलीलाही तोच. दोन ठिकाणी वर्ख वरच्या कागदाला चिकटून निघून आला, कतली उघडी पडली. सॅटिनवर तुपाचे डाग होते ते वेगळेच.

माझा मूळ प्रश्न क्रमाचा आहे. वडील म्हणतात, झाकण उघडलं की कतलीच दिसली पाहिजे, आम्ही हलवाई आहोत. बहीण म्हणते, आधी पणत्या आणि पत्र, मग गोड, मग तिखट. तुमच्या घरी असा डबा आला तर तो कोण उघडतं, कुठे बसून उघडतं, आधी कशाला हात जातो? अनुभव सांगा.

प्रसन्न_होटगीरोड

भारी विषय काढलास बे! रीलसाठी वरून कॅमेरा लाव, खिडकीजवळ बस, फक्त दोन हात दिसले पाहिजेत. डबा हळू उघड आणि कागदाचा आवाज येऊ दे. माझा मित्र असले व्हिडिओ करून देतो, नंबर पाठवू का?

नवीपेठ_हलवाई

प्रसन्न, व्हिडिओचं नंतर बघू. आत्ता डबाच ठरायचाय. ज्याच्या घरी जाणार त्याने उघडताना काय काय घडावं, हे विचारतोय मी.

अक्षरवेडा

मूळचा मंगळवार पेठेतला, आता मुंबईत ग्राफिक डिझाइन करतो. बहिणीचं बरोबर आहे, पण मी एक पाऊल पुढे जाईन. सगळ्यात चांगली गोष्ट शेवटी यावी. वर पत्र, मग पणत्या, मग चिवडा-चटणी आणि अगदी तळाशी कतली. माणूस एकेक थर उघडत खाली जातो आणि शेवटी चांदीचा वर्ख चमकतो.

वासाचं म्हणाल तर सोपं आहे. प्रत्येक वस्तू बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि वर स्टिकर लावा. डागही पडणार नाहीत.

पुठ्ठेवाला

अक्कलकोट रोडला बावीस वर्षं डबे बनवतोय, म्हणून लिहितो. अक्षरवेडा यांनी डागाबद्दल सांगितलं ते निम्मं बरोबर आहे. वासाबद्दल मात्र नाही.

आधी वास. बटर पेपर तूप अडवतो, तोही चांगला असला तर. लसणाचा वास त्याच्या घडीतून, स्टिकरच्या कडेतून सहज बाहेर येतो. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही येतो. पिशवी सीलबंद असली तरी पॉलिथिन वास धरून ठेवत नाही. घरी फ्रिजमध्ये चटणीची पिशवी ठेवून बघा, दुसऱ्या दिवशी लोण्याला वास लागतो. त्यात तुमच्या डब्यात चांदीचा वर्ख आहे. चांदी गंधकाने काळवंडते आणि लसणाच्या वासात गंधकच असतं. कतली जास्त दिवस त्या हवेत राहिली तर चवीबरोबर वर्खाची चमकही जाते.

म्हणून चटणीला आत अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला पाऊच घ्या. बाजारात त्याच्यासारखा दिसणारा चंदेरी पाऊच मिळतो, तो नुसता मुलामा दिलेला असतो. ओळखायची खूण सांगतो. रिकामा पाऊच उजेडासमोर धरा, मुलाम्याचा असेल तर दिव्याचा ठिपका अंधूक दिसतो, खऱ्या फॉइलमधून काहीच दिसत नाही. दुसरं, कोपरा दुमडून सोडा. फॉइलची घडी तशीच राहते, मुलाम्याची हळूहळू उलगडते.

सील करताना तोंडाच्या आतल्या बाजूला चटणीची भुकटी लागलेली नको. शेंगा चटणी तेलकट असते, ती सीलमध्ये अडकली की बारीक वाट राहते, मग कितीही महाग पाऊच घ्या. रुंद नळीच्या नरसाळ्याने भरा आणि तोंड पुसून मग सील मारा. दर पन्नासात दोन पाऊच पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का बघा.

सुगरण_माई

बाळांनो, मी पंचवीस वर्षं शेंगपोळ्या करून विकते, म्हणून माझं ऐका. पोळी गरम असताना पिशवीत भरली की आत घाम धरते आणि मऊ पडते. पूर्ण गार होऊ द्यावी, पंख्याखाली तासभर. आणि चिवड्याच्या पिशवीला टाचणीएवढं जरी छिद्र राहिलं तरी तो कतलीच्या शेजारी दोन दिवसांत सादळतो. बर्फी-पेढा असेल तर त्याहून लवकर.

दुसरं सांगते. माझ्या कपाटात अजून चार-पाच मिठाईचे डबे आहेत. एकात बटणं, एकात रिळं, एकात देवाच्या वाती. चांगला डबा बाई कधी टाकत नाही. झाकणावर तुमच्या दुकानाचं नाव एवढं मोठं छापू नका की डबा पुन्हा वापरायची लाज वाटेल. नाव आत छापा. वाती काढताना रोज वाचीन मी.

सहज_वाचक

माई, आमच्याकडेही तेच! बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा, मिठाईच्या डब्यात रेशनकार्ड. :)

नवीपेठ_हलवाई

पुठ्ठेवाला काका, मनापासून आभार. उजेडाची परीक्षा आत्ताच केली. आमच्याकडचे पाऊच मुलाम्याचे निघाले, दिवा चक्क दिसला.

वर्ख चिकटण्याचं काय करायचं? आणि सॅटिन काढून टाकलं तर तळाला काय घालायचं?

पुठ्ठेवाला

वर्ख चिकटतो कारण कागद कतलीवर टेकतो. कोणताही कागद टेकला की वर्ख थोडा तरी उचलणारच. उपाय कागदाचा नाही, उंचीचा आहे. ज्या खणात कतली ठेवणार त्याच्या भिंती कतलीपेक्षा चांगल्या वर असल्या पाहिजेत, म्हणजे कागद भिंतींवर ताणून बसतो आणि खाली 10 मिमी तरी मोकळी जागा राहते. त्यासाठी कतली एकाच थरात लावावी लागेल. दोन थर केले की खालच्या थराचा वर्ख गेलाच.

सॅटिन विसरा. त्याच्या खाली स्पंज असतो, तो सरसाने चिकटवलेला असतो, आणि तूप एकदा आत गेलं की निघत नाही. डब्याचा राखाडी पुठ्ठा रद्दीपासून बनतो, त्यावर मिठाई थेट ठेवायची नाही. कतलीला खाण्याच्या वस्तूंसाठी लेपन केलेल्या पांढऱ्या बोर्डाचा वेगळा ट्रे करा आणि त्यात तूप न शोषणारा कागद घाला. 'बटर पेपर' या नावाखाली दुकानात तीन-चार प्रकार मिळतात. परीक्षा घरची आहे: पांढऱ्या कागदावर तो ठेवा, वर चमचाभर पातळ तूप सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खालच्या कागदावर डाग दिसला तर तो कागद नको.

ही परीक्षा एसी दुकानात करू नका. तूप गार असताना घट्ट असतं, डाग पडत नाही, आणि आपण फसतो. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या दुपारी बंद टेम्पोत ते वितळतं. भरलेला डबा दुपारी बारा ते चार उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवा. जो डबा तिथे टिकेल तो पुण्यापर्यंत टिकेल.

भीमाकाठ

आमचं घर टॉवेलच्या धंद्यातलं. एक कल्पना मांडू का? वरून कागदी स्लीव्ह घालण्याऐवजी डबा आपल्या टेरी नॅपकिनमध्ये किंवा छोट्या पंचात बांधून द्या, मधोमध एक गाठ. गाठ सोडणं ही उघडण्याची पहिली पायरी होईल आणि नॅपकिन घरात राहील. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. सोलापूरचा डबा सोलापूरच्या कापडात गेला पाहिजे.

सुगरण_माई

कल्पना गोड आहे, पण नवीन नॅपकिनला खळीचा वास असतो आणि त्याचे तंतू सुटतात. एकदा धुऊन, वाळवून मगच बांधा. गाठ दोन पदरांची, ओढली की सुटेल अशी हवी. माझ्या बोटांना संधिवात आहे. रिबीन बांधलेला डबा आला की मी कात्री शोधत बसते.

भीमाकाठ

माई, 500 नॅपकिन धुवायचे म्हणजे खर्च वाढला. पण डबा घट्ट बंद आणि कापड फक्त बाहेरून असेल तर तंतूंचा प्रश्न नाही ना?

सुगरण_माई

गाठ सोडायची त्याच हातांनी आणि लगेच कतली घ्यायची. मी तरी धुतलेलाच देईन.

अक्षरवेडा

क्रमाकडे परत येऊ या का? पुठ्ठेवाला काकांचं वासाचं पटलं, मी चूक होतो. पण कतली वर ठेवली तर झाकण उघडताच सगळं संपलं. खाली जायला कारणच उरत नाही.

पुठ्ठेवाला

तुमची बाजू समजते, पण दोन गोष्टी आड येतात. एक वजन. शेंगपोळ्या, चटणी, चिवडा मिळून जड आहेत. ते वर आणि कतली खाली ठेवली तर कतली दबते, वर्खावर ट्रे टेकतो. दुसरं, आपल्याकडे डबा आला की आधी देवापुढे जातो. झाकण उघडून नैवेद्य दाखवायचा असतो. त्या वेळी वर गोड हवं, लसणाची चटणी नको. डबा पहिल्यांदा कोण उघडतं या प्रश्नाचं माझ्या घरचं उत्तर माझी आई आहे, आणि ती देवघरात उघडते.

अक्षरवेडा

नैवेद्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मान्य. तरी पत्र सगळ्यात वर नको, ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापा. सुटं पत्र उचलून बाजूला ठेवतात, मग कोणी वाचत नाही.

नवीपेठ_हलवाई

ठरलं तर मग. वरच्या ट्रेत कतली आणि पणत्या, खाली शेंगपोळी, चटणी, चिवडा. वडील खूश, बहीण निम्मी खूश. काका, मापं काढायला मदत कराल का? मी आतून 28 बाय 18 सेंमी धरतोय, उंची 8.

पुठ्ठेवाला

वस्तूंपासून सुरुवात करू, डब्यापासून नको.

तुमची कतली साधारण 12-13 ग्रॅमची असेल, म्हणजे पाव किलोत 20 नग. शंकरपाळ्याच्या आकाराने एकमेकांत बसवून एका थरात लावल्या तर 18 बाय 16 सेंमीचा खण पुरतो, कडेचे त्रिकोण रिकामे राहतात. उरलेल्या 12 सेंमीत दोन पणत्या बसतात. मध्ये भिंत असू दे, मातीची पूड कतलीवर जाऊ नये. कतली 8 मिमी जाड धरली तर ट्रेच्या भिंती 25 मिमी ठेवा. पणत्याही तेवढ्यात बसतील. जास्त उंच असतील तर बसक्या घ्या.

खाली तुमची पोळी 15 सेंमीची असेल तर तिला 17 बाय 18 चा खण. पाच पोळ्यांची चवड साधारण 2 सेंमी. चवडीच्या खाली आणि वर पोळीच्या मापाची त्याच पांढऱ्या बोर्डाची चकती घाला आणि मग पाऊच बंद करा, नाही तर कडा तुटतात. वरच्या चकतीवर चटणीचा चपटा पाऊच आडवा ठेवा, तिथली जागा फुकट जाते.

अडचण चिवड्याची आहे. तो वजनाला हलका, पण जागा फार खातो. उरतो तो 11 बाय 18 चा खण. 5 सेंमी उंचीत तिथे एक लिटरपेक्षा थोडं कमी बसतं. पातळ पोह्यांचा 200 ग्रॅम चिवडा त्यात दाबल्याशिवाय मावणार नाही आणि दाबला की चुरा होईल. 150 ग्रॅम करा, नाही तर डबा वाढवा. डबा वाढवला की वर कतलीभोवती रिकामी जागा दिसेल. मी चिवडा कमी करीन.

खाली 50, ट्रे 25, वर 5 मोकळे, म्हणजे आतून उंची 80. तुमचा आकडा बरोबर होता, चिवडा सोडून. आणि हा ट्रे 28 सेंमी लांब आहे, मधे आधार नसेल तर पोटात झोळ येतो. खालच्या दोन खणांमधली भिंत 50 मिमी उंच ठेवली की तीच आधार देते.

प्रसन्न_होटगीरोड

काका, पुण्याच्या नमुन्यातलं चुंबकाचं झाकण ठेवायला काय हरकत आहे? लय भारी दिसतंय ते.

पुठ्ठेवाला

दिसतं खरंच. पण आत एखादी वस्तू दोन-तीन मिलिमीटर वर आली तरी झाकण पूर्ण टेकत नाही, चुंबक पकडत नाही, आणि गाडीच्या हादऱ्याने डबा उघडतो. चिवड्याच्या पिशवीतली हवा एवढं सहज करते. वर काढायच्या झाकणाला दोन-तीन मिलिमीटर चालून जातात.

झाकण बेतशीर बसलं पाहिजे. फार घट्ट असेल तर आत हवा कोंडते, झाकण ओढताना तळही सोबत येतो आणि मग धपकन सुटतो. नमुना हातात आला की झाकण वर ठेवून सोडून द्या. ते आपल्या वजनाने सावकाश, तीन-चार सेकंदांत खाली बसलं पाहिजे. अडकलं तर घट्ट, एकदम पडलं तर सैल. झाकणाच्या दोन लांब बाजूंना अंगठ्यापुरती अर्धगोल खाच द्या. आणि झाकण पूर्ण उंचीचं करू नका, 3 सेंमी पुरे. पूर्ण उंचीचं असलं की लोक झाकणाला धरून डबा उचलतात.

एसटी_स्टँड

मी दरवर्षी मुलीला पुण्याला दिवाळीचं पार्सल पाठवतो. बसच्या डिकीत ते आडवं, उभं, उलटं कसंही जातं. मागच्या वर्षी एका दुकानाचा असाच सुंदर डबा पाठवला होता, पोचला तेव्हा सगळे लाडू एका कोपऱ्यात. उभा करून हलवा आणि आतून आवाज येतो का ऐका. आवाज आला म्हणजे जागा जास्त आहे.

नवीपेठ_हलवाई

(आठ दिवसांनी)

मंडळी, दुसरा नमुना झाला. काकांच्या मापाने, चिवडा 150 ग्रॅम. पुन्हा सहा डबे दिले, त्यातला एक पुण्याला आत्याकडे बसने. डिकीची परीक्षा आधीच केली: उन्हात चार तास, डाग नाही. चटणीचे पाऊच खऱ्या फॉइलचे घेतले. तीन दिवसांनी कतली खाऊन बघितली, लसूण अजिबात नाही. सहाही डब्यांत वर्ख जागेवर. उभा करून हलवला तर पणत्यांचा आवाज येत होता, त्यांच्याखाली कागदाची गादी घातली.

पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. आत्याला फोन केला, "शेंगपोळी कशी होती?" ती म्हणाली, "कुठली शेंगपोळी? कतली आणि पणत्याच होत्या की." तिला खालचा थर आहे हेच कळलं नव्हतं. कतली संपली आणि रिकामा ट्रे तसाच ठेवून तिने डबा माळ्यावर टाकला होता. उरलेल्या पाचांपैकी आणखी एका घरी असंच झालं, तिथे लहान मुलाने ट्रे उपसला म्हणून कळलं.

500 पैकी शंभर जणांनी जरी खालचं बघितलं नाही तरी आठवडाभराने मुंग्याच सांगणार. आता ट्रेला ओढायची फीत लावू का?

अक्षरवेडा

हे वाचून मला माझ्याच बोलण्याची आठवण झाली. मी म्हणत होतो, खाली जायला कारण हवं. तेच कारण छापून द्या. फीत लावाच, पण ट्रेच्याच रंगाची नको. पांढरा ट्रे असेल तर फीत गडद लाल, आणि ती कतलीच्या खणातून नाही, दोन खणांच्या मधल्या भिंतीवरून वर येऊ दे. कतली संपल्यावर ट्रेचा रिकामा तळ दिसतो, तिथे ठळक छापा: "खाली अजून आहे." गोड संपल्यावर नेमकी तिथेच नजर जाते.

पुठ्ठेवाला

तळाची छपाई कतलीच्या कागदाखाली झाकली जाईल. कागद अपारदर्शक असेल तर दिसणारच नाही. तळाऐवजी पणत्यांच्या खणाच्या भिंतीवर छापा, तिथे खाद्यवस्तू नाही आणि शाईचाही प्रश्न नाही. फीत 20 मिमी रुंद, दोन टोकं ट्रेच्या खालून चिकटवलेली, म्हणजे एका हाताने ट्रे सरळ वर येतो. एकच टोक चिकटवलं तर ट्रे तिरका होतो आणि पणत्या घरंगळतात.

सुगरण_माई

फितीपेक्षा सोपं सांगू? ट्रेच्या एका कडेला बोट जाईल एवढी फट ठेवा आणि खालच्या शेंगपोळीच्या पिशवीचा रंग त्यातून दिसू द्या. दिसलं की बाई उचलतेच. न दिसणारी गोष्ट कितीही लिहून सांगा, चष्मा नसला की वाचता येत नाही.

अक्षरवेडा

माई, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पुठ्ठेवाला

फट चालेल, पण ती पणत्यांच्या बाजूला. कतलीच्या बाजूला ठेवली तर बारीक चुरा खाली जाईल. आणि ट्रे 28 ऐवजी 26 सेंमी होईल, म्हणजे पणत्यांची जागा 10 सेंमी उरेल. एकीपुढे एक ठेवल्या तर बसतात.

चिकित्सक_काकू

सगळं वाचलं. वेष्टनावरच्या मजकुराबद्दल कोणी बोललंच नाही. आत पाच-सहा वस्तू आहेत, प्रत्येकीचं नाव, निव्वळ वजन, परवाना क्रमांक, शाकाहारी हिरवी खूण आणि कधीपर्यंत खावं ते बाहेरून वाचता आलं पाहिजे. काजू आणि शेंगदाणा दोन्ही आहेत, ते ठळक लिहा. माझ्या नातवाला शेंगदाणा चालत नाही. डबा उघडून मग आतल्या पाऊचवर वाचायचं म्हणजे उशीर झाला.

नवीपेठ_हलवाई

काकू, बरं झालं बोललात. आम्ही तळाला स्टिकर लावणार होतो.

चिकित्सक_काकू

तळाला लावलं तर वाचायला डबा उलटा करावा लागतो, आत पणत्या आहेत. लांब बाजूला लावा. आणि सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर सगळ्यात आधी संपणाऱ्या वस्तूची तारीख मोठी लिहा.

भीमाकाठ

पण मग माझा नॅपकिन त्यावर येईल.

चिकित्सक_काकू

नॅपकिन बांधायचा असेल तर कापडाबाहेर एक पत्ता-पट्टी अडकवा, त्यावर हाच मजकूर.

नवीपेठ_हलवाई

(आणखी बारा दिवसांनी)

तिसरा नमुना. माईंची फट आणि फीत दोन्ही ठेवलं, कारण आई फटीतून उचलते आणि बहिणीचा मुलगा फीत ओढतो. या वेळी बारा डबे दिले, बाराही घरांत खालचा थर सापडला. मजकूर लांब बाजूला. पत्र झाकणाच्या आत छापलं. माई, दुकानाचं नावही आतच आहे, बाहेर फक्त चादरीच्या काठासारखी नक्षी.

नॅपकिनचा हिशोब केला. धुऊन, वाळवून, बांधून देताना एका डब्याला लागणारा वेळ बघता 500 ला जमणार नाही. पतसंस्थेच्या 60 डब्यांनाच बांधतोय, भीमाकाठ यांच्याकडूनच घेतले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पुण्याला गेलेल्या चार डब्यांपैकी दोनमध्ये सगळ्यात वरची शेंगपोळी तुटली होती. चकती दोन्ही बाजूंना आहे, चवड हलत नाही. चटणीचा पाऊच वर असल्याने तुटते का? काका, माई, काय वाटतं?

पुठ्ठेवाला

100 ग्रॅमने नुसतं ठेवून तुटणार नाही. पण डिकीत डबा उलटा-सुलटा होतो तेव्हा तो पाऊच उसळतो आणि आदळतो. चवड 2, पाऊच 1, वर 2 सेंमी रिकामं राहतं. ट्रेच्या खालून तिथे पुठ्ठ्याची घडी टेकवा, पाऊचला उसळायला जागा उरणार नाही.

सुगरण_माई

माझं मत वेगळं आहे. वरची पोळी तुटते कारण ती सगळ्यात शेवटी लाटलेली, सगळ्यात कमी वाळलेली असते. चवड लावताना तव्यावरून आधी उतरलेली वर ठेवून बघा.

नवीपेठ_हलवाई

उद्या दोन डबे घडी घालून आणि दोन डबे माईंच्या पद्धतीने भरून रात्रीच्या बसने पाठवतो. परवा आत्या उघडून फोटो पाठवेल, तो इथे टाकतो.

एसटी_स्टँड

डिकीत माझंही पार्सल आहे उद्या. वरच्या रॅकवर ठेवायला सांगू नका, तसेच जाऊ द्या, नाही तर परीक्षा होणार नाही.